फॉन्ट बदला, पण नावही बदला

संस्कृत ग्रंथ संगणकावर जुळवणाऱ्यांना ‘शोभिका’ हा फॉन्ट चांगला परिचयाचा आहे. तो तयार झाला आयआयटी मुंबईत. त्यात देवनागरीच्या सोळाशेहून अधिक अक्षराकृती आहेत, अकराशेहून अधिक जोडाक्षरे आहेत, वैदिक स्वरचिन्हेही आहेत. एवढा पसारा कोऱ्या कागदापासून उभा करायचा तर वर्षे लागली असती. पण शोभिकेच्या कर्त्यांनी तसे केले नाही आणि ते लपवलेही नाही. त्यांच्या देवनागरीचा पाया राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या फॉन्टचा आहे आणि रोमन व सिरिलिक अक्षरे ‘पॅराटाइप’ या रशियन कंपनीच्या ‘पीटी सेरिफ’वरून घेतली आहेत.

मुंबईची एक शासकीय संस्था आणि रशियातली एक कंपनी, दोघांच्या मेहनतीवर तिसऱ्याने आपले काम रचले आणि ते पुन्हा सगळ्यांना मोफत वाटले. त्यासाठी परवानगीचे पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्याची गरज नव्हती. दोन्ही फॉन्ट ज्या अटींवर प्रसिद्ध झाले होते, त्या अटींतच ही परवानगी आधीपासून लिहिलेली होती. त्या अटींचे नाव ‘ओपन फॉन्ट लायसन्स’, बोलण्यात ‘ओएफएल’. जगभरच्या भाषांवर काम करणाऱ्या ‘एसआयएल’ या संस्थेतून तो आला. व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोला स्पालिंजर यांनी तो लिहिला. आज वापरात असलेली १.१ ही आवृत्ती फेब्रुवारी २००७ची आहे. मजकूर छापला तर एखाद-दोन पानांत मावतो. कायद्याच्या कागदांत हा गुण दुर्मीळच म्हणायचा.

फुकट मिळणारा प्रत्येक फॉन्ट मात्र असा मोकळा नसतो. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे लिहिलेला फॉन्ट लग्नपत्रिकेत वापरता येईलही, पण त्यातले एखादे अक्षर बदलून तो मित्राला पाठवण्याची मुभा त्यात बहुधा नसते. ओएफएल ही मुभा स्पष्ट शब्दांत देतो: वापरा, अभ्यासा, नक्कल करा, बदला, दुसऱ्या फॉन्टशी जोडा, वाटा. त्याबदल्यात तो जे मागतो ते मोजके आहे, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे मागणे नावाबद्दलचे आहे.

एक उदाहरण घेऊ. एसआयएलचाच ‘अन्नपूर्णा’ नावाचा देवनागरी फॉन्ट आहे. समजा, प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेला तो आवडला, पण मुलांच्या वाचनपत्रिकांसाठी त्यातला ‘ल’ आणि ‘श’ तिला स्वतःच्या हाताने काढायचा आहे. आपल्याकडे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे, हिंदीची वळणे वेगळी. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठीत आहे हे प्रोग्रॅमला सांगावे लागते आणि कित्येक प्रोग्रॅमना ते कळतच नाही. मग पडद्यावर नको ते वळण उमटते. म्हणून हवे तेच वळण मुख्य जागी बसवलेला फॉन्ट स्वतः करून घ्यावा, असे कोणालाही वाटू शकते.

शिक्षिकेने फॉन्टच्या फोल्डरमधली `OFL.txt` ही फाइल आधी उघडावी. तिच्या अगदी सुरुवातीला स्वामित्वहक्काची ओळ असते आणि त्या ओळीतच ‘Reserved Font Name’ हे शब्द आहेत का ते पाहायचे. हेच ते राखीव नाव. अन्नपूर्णाच्या बाबतीत Annapurna आणि SIL हे दोन्ही शब्द राखीव आहेत. त्यामुळे दोनच अक्षरे बदललेली असली तरी ती आवृत्ती वाटताना तिला ‘अन्नपूर्णा’ म्हणता येणार नाही. ‘अन्नपूर्णा मराठी’ किंवा ‘नवी अन्नपूर्णा’ही चालणार नाही, कारण राखीव शब्द अख्खाच्या अख्खा नावात येतो. मूळ मालकाने लेखी परवानगी दिली तरच तसे करता येते.

हा नियम मानापमानाचा वाटतो खरा, पण त्यामागचे कारण फार व्यवहारी आहे. समजा शिक्षिकेच्या आवृत्तीत एक जोडाक्षर बिघडले आणि ती फाइल ‘अन्नपूर्णा’ याच नावाने दहा शाळांत गेली. तक्रारी मूळ कर्त्यांकडे जाणार. त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाचे दोन फॉन्ट दोन संगणकांवर असले, तर एकीकडे जुळवलेले पान दुसरीकडे उघडताच ओळी सरकणार, पाने वाढणार. कोणता फॉन्ट खरा, हे नावावरून कळायला हवे. म्हणून तर मोकळेपणाने सगळे देणारा हा परवाना नावाच्या बाबतीत एवढा कडक आहे.

आता प्रत्यक्ष काम. समजा, नवे नाव ‘बालबोधिनी’ ठरले. या नावाचा दुसरा फॉन्ट आधीच नाही ना, हे शोधून पाहिलेले बरे. फाइलचे नाव बदलले की झाले, असा समज इथे हमखास दगा देतो. संगणक फॉन्टचे नाव फाइलवरून वाचतच नाही, ते फॉन्टच्या आत नोंदलेले असते. ‘फॉन्टफोर्ज’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फॉन्ट उघडून `Element` मेनूतल्या `Font Info`मध्ये गेले की `PS Names` या पानावर तीन ठिकाणी नाव दिसते. ती तिन्ही बदलायची. मग `TTF Names` हे पान तपासायचे, कारण तिथे कुटुंबाचे जुने नाव वेगळे नोंदलेले असू शकते आणि तेच मेनूत पुन्हा डोके वर काढते. खात्री करायची रीत सोपी आहे: नवा फॉन्ट बसवावा, लिबरऑफिससारखा प्रोग्रॅम बंद करून परत उघडावा आणि यादीत काय दिसते ते पाहावे. परवान्यातला नियमही याच नावाबद्दल आहे, वापरणाऱ्याला जे मुख्य नाव दिसते त्याबद्दल.

नाव बदलताना मूळ मालकाची ओळ पुसायची मात्र नाही. उत्साहाच्या भरात जुने सगळे खोडून आपलेच नाव लिहिणारे बरेच असतात. ती ओळ जशीच्या तशी ठेवून खाली आपली ओळ जोडायची. हवे तर नव्या नावालाही राखीव करता येते:

```
Copyright (c) <मूळ वर्षे>, SIL International,
with Reserved Font Names "Annapurna" and "SIL".
Copyright (c) <नवे वर्ष>, <बदल करणाऱ्याचे नाव>,
with Reserved Font Name "Balbodhini".
```

वाटताना या ओळी आणि परवान्याचा मजकूर फॉन्टसोबत गेलाच पाहिजे. वेगळी `OFL.txt` फाइल दिली तरी चालते, फॉन्टच्या आतल्या नोंदींत भरले तरी चालते. काय बदलले, केव्हा बदलले हे `FONTLOG.txt` या फाइलमध्ये लिहून ठेवण्याची प्रथाही आहे. ती सक्ती नव्हे, पण पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात. ‘हा फॉन्ट अन्नपूर्णावर आधारित आहे’ असे सांगणे हे ऋण मानणे आहे, त्याला हरकत नाही. पण मूळ कर्त्यांची नावे जाहिरातीसारखी मिरवून, जणू त्यांनीच या आवृत्तीची शिफारस केली आहे असे भासवता येत नाही.

बालबोधिनी वाटली गेली की तिचा परवानाही ओएफएलच राहतो, दुसरा लावता येत नाही. ‘मी इतके कष्ट घेतले, आता हा माझा खासगी फॉन्ट’ असे म्हणून इतरांना बदलाची मनाई करणे चालत नाही. म्हणूनच शोभिकाही ओएफएलखालीच आहे आणि उद्या कोणी तिच्यावर चौथा फॉन्ट बांधू शकतो. मात्र बदललेली आवृत्ती जगाला द्यायलाच हवी, असे बंधन नाही. शिक्षिकेने ती स्वतःच्या संगणकापुरती ठेवली तरी तिला कोणी जाब विचारणार नाही.

पैशांबाबतचा नियम थोडा गमतीचा आहे. फॉन्ट एकटा विकता येत नाही, पण एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर बांधून विकता येतो. ते सॉफ्टवेअर केवढे असावे याचे माप परवान्यात नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणाऱ्या ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ने तर म्हटले आहे की दोन शब्द छापणारा इवलासा प्रोग्रॅमही ही अट पुरी करतो, म्हणून ती निरुपद्रवी आहे. तरी फॉन्ट सीडीत भरून विकणाऱ्या दुकानदाराने एवढ्या आडवळणाने जाण्यापेक्षा फॉन्टमध्ये बदल करून देण्याच्या मेहनतीचे पैसे घ्यावेत. त्याला आडकाठी नाही.

परवान्याचे बंधन फॉन्टवर असते, फॉन्टने घडवलेल्या मजकुरावर नाही. शिक्षिकेने बालबोधिनीत पुस्तक छापून विकले किंवा पीडीएफमध्ये फॉन्ट सामावला, तरी पुस्तकावर ओएफएल चढत नाही. हा भेद न कळल्याने काही प्रकाशक उगाच घाबरतात.

खरा गुंता वेबसाइटवर होतो. पान लवकर उघडावे म्हणून फॉन्टमधली न लागणारी अक्षरे काढून फाइल हलकी केली, तर परवान्याच्या भाषेत तोही बदलच. व्याख्या तशी रुंद आहे: भर घालणे, काढून टाकणे, अदलाबदल करणे, फाइलचा प्रकार बदलणे हे सगळे तिच्यात येते. वेबसाठीच्या ‘वॉफ’ प्रकारात फॉन्ट जसाच्या तसा, आतल्या नोंदींसह बांधला, तर एसआयएल त्याला बदल मानत नाही. अक्षरे छाटली की मात्र राखीव नाव सोडावे लागते. या कटकटीमुळेच अनेक नवे फॉन्ट आता राखीव नाव न ठेवता प्रसिद्ध होतात. निनाद काळे आणि जॉनी पिनहॉर्न यांचा ‘पॉपिन्स’ हे त्यातले ओळखीचे उदाहरण. अशा फॉन्टच्या बदललेल्या आवृत्तीचे नाव बदलण्याची सक्ती नसते. पण तरीही बदलावे, कारण दोन फॉन्ट एका नावाने फिरल्यावर होणारा घोळ परवान्यावर अवलंबून नसतो. शिवाय नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले असेल तर तो कायदा वेगळाच लागू होतो.

नाव बदलून काम अडत नाही, याचा दाखला युरोपात आहे. विकिपीडियाच्या बोधचिन्हातली अक्षरे ज्याची, तो ‘लिनक्स लिबर्टाइन’ फॉन्ट फिलिप पोल यांनी घडवला. पुढे त्याचे काम थंडावले, तेव्हा खालेद होस्नी यांनी तोच पाया घेऊन सुधारित फॉन्ट केला. मूळ नाव राखीव असल्याने त्याचे नाव ‘लिबर्टिनस’ ठेवले. आज त्याला गणिती चिन्हांचीही जोड आहे आणि तो मूळ फॉन्टइतकाच मोकळा आहे.

अटी मोडल्या तर काय? परवान्यात तेही सरळ लिहिले आहे: एक जरी अट मोडली तरी परवाना रद्दबातल. म्हणजे परवानगीच उरत नाही आणि वाटलेली प्रत साध्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार बेकायदा ठरते. म्हणून कोणताही फॉन्ट बदलायला घेण्यापूर्वी त्यासोबतच्या `OFL.txt`ची सुरुवात वाचावी आणि ती फाइलच सोबत नसेल, तर फॉन्ट त्याच्या मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घ्यावा.