नफ्याच्या ओळीखाली

कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की बहुतेक जण एकच आकडा शोधतात, करोत्तर नफा. तो गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसला की अहवाल रद्दीच्या गठ्ठ्यात जातो. पण पत्रक त्या ओळीवर संपलेलं नसतं. खाली आणखी पाच-सात ओळी असतात आणि त्यांना नाव असतं 'इतर सर्वसमावेशक उत्पन्न'. नाव इतकं बोजड आहे की हिशेबनीस मंडळीही सरळ 'ओसीआय' म्हणून मोकळी होतात. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना २०१६-१७ पासून 'इंड एएस' ही हिशेबमानकं लागू झाली, तेव्हा या ओळी अहवालात आल्या.

इथे काय येतं, ते एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीवरून पाहू. ग्रॅच्युइटीचं गणित कारखान्यात सगळ्यांना पाठ असतं: महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार आणि नोकरी २० वर्षांची असेल, तर रक्कम होते ३ लाख. समजा, हा माणूस आणखी दहा वर्षांनी निवृत्त होणार आहे. पुढची पगारवाढ तूर्त बाजूला ठेवू. दहा वर्षांनी द्यायच्या ३ लाखांचं आजचं ओझं किती, हे व्याजदरावर ठरतं. सरकारी रोख्यांचा दर साडेसात टक्के धरला तर ते साधारण १ लाख ४५ हजार ५०० भरतं. दर साडेसहावर आला, की तेच १ लाख ५९ हजार ८०० होतं.

कामगार तोच, पगार तोच, कारखान्यात एक बोल्टही इकडचा तिकडे झालेला नाही. तरी माणसामागे १४ हजारांवर बोजा वाढला. असे हजार कामगार असतील तर ही रक्कम जवळपास १ कोटी ४३ लाखांवर जाते. हा तोटा कंपनीच्या धंद्याचा म्हणायचा का? जुन्या मानकांत तो सरळ नफ्यातून वजा व्हायचा आणि व्याजदर हलले की नफाही हलायचा. आता वर्षभरातल्या नोकरीमुळे वाढलेली ग्रॅच्युइटी आणि जुन्या बोज्यावरचं व्याज नफा-तोटा पत्रकातच जातं, पण अंदाज बदलल्यामुळे झालेला हा फरक ओसीआयमध्ये जातो. एकदा तिथे गेला की पुन्हा कधीच नफ्याच्या ओळीत येत नाही.

ओसीआय वाचताना हाच धागा धरावा. त्याचे दोन भाग छापलेले असतात. एका भागातल्या रकमा नफा-तोट्यात कधीच परत येणार नाहीत. दुसऱ्या भागातल्या पुढे येणार आहेत, म्हणजे तूर्त त्या नुसत्या दाराबाहेर थांबल्या आहेत.

पहिल्या भागात ग्रॅच्युइटीशेजारी काही वेळा शेअर असतात. कंपनीने दुसऱ्या कंपनीचे शेअर रोजच्या खरेदी-विक्रीसाठी घेतलेले नसतील, तर त्यांच्या भावातली चढउतार ओसीआयमध्ये दाखवायची असं ती खरेदीच्याच वेळी ठरवू शकते. एकदा ठरवलं की ते बदलता येत नाही. १० कोटींना घेतलेले शेअर पुढे १४ कोटींना विकले, तर ते ४ कोटी नफ्याच्या आकड्यात कधीच दिसणार नाहीत. त्यांच्यावर मिळालेला लाभांश मात्र दिसेल. हातात रोकड आली आणि नफ्यात नोंद नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटंच वाटतं. पण ते ४ कोटी हरवलेले नसतात. ते शोधायचे तर 'इक्विटीतील बदलांचं पत्रक' उघडावं लागतं. हा एक आडवा-उभा तक्ता असतो. वर भागभांडवल, साठलेला नफा, शेअरच्या भावफरकाची राखीव, हेजिंगची राखीव असे रकाने असतात. खाली वर्षारंभीची शिल्लक, वर्षाचा नफा, ओसीआय, दिलेला लाभांश आणि वर्षअखेरची शिल्लक. शेअर विकल्यावर अनेक कंपन्या ते ४ कोटी भावफरकाच्या रकान्यातून साठलेल्या नफ्याच्या रकान्यात सरकवतात. मालकांच्या पैशाला कुठून कुठे पाय फुटले, हे ताळेबंदापेक्षा या तक्त्यात स्वच्छ दिसतं.

दुसरा भाग जास्त धोक्याचा. तिथे कर्जरोखे येतात आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचा पैसा दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवला होता. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढले आणि जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचे भाव कोसळले. गरज पडली तर विकण्यासाठी ठेवलेल्या रोख्यांचा तोटा कर वजा जाता ओसीआयमध्ये गेला. या प्रकारची साठलेली रक्कम २०२१ अखेर जवळपास शून्य होती. २०२२ अखेर ती सुमारे उणे १.९ अब्ज डॉलर झाली. त्याच वर्षी बँकेने दीड अब्ज डॉलरच्या वर नफा जाहीर केला होता. बातम्यांत नफा आला, पण नफा आणि ओसीआय यांची बेरीज केली तर वर्ष तोट्याचं होतं.

तेवढ्यावर भागलं नव्हतं. 'मुदत संपेपर्यंत ठेवणार' म्हणून नोंदलेल्या रोख्यांवर बाजारभावाने आणखी सुमारे १५ अब्ज डॉलरचा तोटा होता. अशा रोख्यांचा तोटा ओसीआयमध्येही येत नाही, फक्त टिपांमध्ये छापला जातो. आणि बँकेची सगळी इक्विटी होती १६ अब्ज डॉलरच्या आसपास. त्यातून अमेरिकी नियमांनी या आकाराच्या बँकांना रोख्यांवरचा ओसीआयमधला तोटा नियामक भांडवल मोजताना वगळायची मुभा दिली होती. कागदावर बँक धडधाकट होती.

८ मार्च २०२३ रोजी बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकल्याचं सांगितलं. विकल्याबरोबर दाराबाहेर थांबलेला तोटा नफा-तोट्यात शिरला. तो कर वजा जाता १.८ अब्ज होता. खरं तर त्यात नवीन काहीच नव्हतं. तो तोटा वर्षअखेरच्या पत्रकात छापलेलाच होता, वाचला कोणी नव्हता एवढंच. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून नेले आणि १० तारखेला बँकेला टाळं लागलं.

म्हणून ओसीआयमध्ये मोठा उणे आकडा दिसला की आधी तो कोणत्या भागात आहे ते बघावं. कर्जरोख्यांचा असेल तर पुढचा प्रश्न: मुदत संपेपर्यंत हे रोखे धरून ठेवण्याची ऐपत आहे का? असेल तर तोटा हळूहळू विरतो, कारण शेवटी दर्शनी किंमत मिळतेच. नसेल तर तो एखाद्या तिमाहीत नफा-तोट्यात येऊन बसणार. प्रति शेअर कमाई या बाबतीत काहीच सांगत नाही, कारण ती नफ्याच्या ओळीवरच काढतात.

आपल्या बँकांना इंड एएस लागू नाहीत, पण रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून गुंतवणुकीचे नवे नियम आणले. विक्रीयोग्य रोख्यांच्या भावातला फरक आता नफा-तोट्यात न जाता थेट 'एएफएस राखीव' या रकान्यात जातो. त्यातला कागदी नफा लाभांश म्हणून वाटता येत नाही. आणि ही राखीव मूळ भांडवलात धरली जाते, त्यामुळे तोटा झाला तर तो भांडवलातून तिथल्या तिथे वजा होतो.