६२५ मधले ते १२५ मिलिग्रॅम

दाढ सुजली, सायनस भरलं, खोकला हटेना, की औषधाच्या दुकानातून बऱ्याचदा घरी येते ती ‘सहाशे पंचवीस’ची गोळी. हा आकडा म्हणजे एकाच औषधाचं वजन असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती बेरीज आहे: ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड. जंतू मारण्याचं काम पहिलं करतं. दुसऱ्याचं काम वेगळंच आहे. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर तयार करून ॲमॉक्सिसिलिन तोडून टाकतात. क्लॅव्युलॅनिक ॲसिड त्या विकराला निकामी करतं, म्हणून ॲमॉक्सिसिलिन शाबूत राहतं. १९८१ साली ब्रिटनमधल्या बीचम कंपनीने ही जोडी बाजारात आणली, तेव्हा ती खरोखर मोठी सोय होती आणि आजही आहे. पण या गोळीमुळे होणारे जुलाब आणि यकृताला होणारी इजा या दोन्हींत मोठा वाटा त्या १२५ मिलिग्रॅमचाच असतो. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच: या आजाराला ही जोडी लागते का?

आधी जुलाबांचं पाहू, कारण ते नेहमीचे. औषधाच्या चाचण्यांत साधारण शंभरातल्या नऊ जणांना पातळ शौचाला झालं होतं. क्लॅव्युलॅनिक ॲसिडमुळे आतड्यांची हालचाल वाढते, शिवाय आतड्यातले उपयोगी जंतूही औषधाने मरतात. इथे गोळीची ताकद समजून घ्यायला हवी. ३७५ च्या गोळीत ॲमॉक्सिसिलिन २५० असतं, ‘एक ग्रॅम’च्या गोळीत ८७५, पण क्लॅव्युलॅनिक ॲसिड ३७५, ६२५ आणि एक ग्रॅम या तिन्ही गोळ्यांत १२५ च असतं. त्यामुळे ६२५ संपली म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या, तर ॲमॉक्सिसिलिन तेवढंच मिळतं आणि पोट बिघडवणारा भाग मात्र दुप्पट होतो. दुकानात असा बदल सहज सुचवला जातो. तो स्वीकारू नये.

गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासांबरोबर घेतली की पोटाला त्रास कमी होतो. दिवसातून दोन-तीनदा सैल शौचाला झालं, ताप नाही, रक्त नाही, तर ओआरएस आणि भरपूर पाणी घ्यावं, डॉक्टरांना फोनवर सांगावं. औषध संपलं की बहुधा ते थांबतं. मात्र पाण्यासारखे जुलाब वारंवार होणं, पोटात कळा येणं, ताप किंवा शौचातून रक्त येणं हे वेगळं. उपयोगी जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जंतू आतड्यात माजतो आणि मोठ्या आतड्याला सूज आणतो. हे औषध संपल्यानंतरही काही आठवड्यांनी होऊ शकतं. अशा वेळी जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

यकृताची इजा दुर्मीळ आहे. आइसलंडमधल्या एका अभ्यासात ती सुमारे २,३५० जणांत एकाला आढळली. पण हे औषध इतके लोक घेतात, की अमेरिका आणि स्पेनमधल्या नोंदींत औषधामुळे अवचित यकृत बिघडण्याच्या कारणांत ते अगदी वरच्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे हा मान क्षयरोगाच्या औषधांचा. ही इजा ओळखणं अवघड जातं, कारण ती उशिरा येते: बरेचदा औषध संपल्यानंतर, सुरू केल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत.

अशा रुग्णांचं चित्र सहसा कसं असतं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. ६८ वर्षांचे एक गृहस्थ. दाढेसाठी सात दिवस ६२५ घेतली, महिन्याभरात पुन्हा सूज आली म्हणून आणखी सात दिवस. दुसरा कोर्स संपून दोन आठवडे झाले, तोवर दाढ बरी. मग रात्री सगळ्या अंगाला खाज सुटते, पुरळ मात्र काही नाही. लघवी गडद होते, शौच फिकट, आणि चार दिवसांनी घरातल्यांना डोळे पिवळे दिसतात. कावीळ म्हटल्यावर पाणी दूषित असेल असं सगळे धरून चालतात, कोणी झाडपाल्याचं औषध सुचवतं. त्यातली काही औषधं स्वतःच यकृताला घातक असतात आणि मग मूळ कारण शोधणंही कठीण होतं.

तपासणीत बिलिरुबिन ९ येतं. एएलटी १६०, म्हणजे ४० या वरच्या मर्यादेच्या चौपट. अल्कलाइन फॉस्फटेज ४२०, म्हणजे १२० च्या साडेतीनपट. चारला साडेतीनने भागलं की साधारण १.१ येतात. हा भागाकार दोनपेक्षा कमी असेल, तर पेशी मरण्यापेक्षा पित्त तुंबणं हा मुख्य बिघाड मानतात, आणि या औषधाच्या इजेचा हाच नेहमीचा नमुना आहे. पित्त खड्यानेही तुंबतं, म्हणून सोनोग्राफी. विषाणूची कावीळ वगळायची म्हणून हेपटायटिसच्या चाचण्या. यकृत किती सावरून आहे हे कळायला रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी. हे सगळं ठीक निघालं तरी निदान एका प्रश्नावर अडतं: गेल्या दोन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली? रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण दाढेची गोळी त्याच्या दृष्टीने केव्हाच संपलेली असते.

उपचार म्हणजे औषध चालू असेल तर त्याच दिवशी बंद करणं, खाजेवर औषध देणं आणि चाचण्यांवर लक्ष ठेवणं. बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पूर्ववत होतं. गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा आयएनआर वाढणं दिसलं तर मात्र रुग्णालय गाठायला एक तासही दवडू नये.

साठी-पासष्टीच्या पुढचं वय, पुरुष असणं, लांबलेला किंवा पुन्हा दिलेला कोर्स यांनी धोका वाढतो. एका जुन्या ब्रिटिश अभ्यासात वयस्कर आणि वारंवार औषध घेणाऱ्यांत तो हजारात एकाहून अधिक निघाला. काही जनुकीय ठेवणीही कारण असतात, पण त्यासाठी आधी चाचणी करण्याची पद्धत नाही. लहान मुलांत ही इजा फारच कमी दिसते. आणि ज्याला या जोडीने एकदा कावीळ झाली, त्याला ती पुन्हा द्यायचीच नाही.

पर्याय आजारावर ठरतो. सर्दी आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंची, तिथे अँटिबायोटिकच नको. स्ट्रेप्टोकोकसने घसा धरला असेल तर साधं ॲमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन पुरतं, कारण तो जंतू ते विकर बनवतच नाही. तिथे क्लॅव्युलॅनिक ॲसिडचा फायदा शून्य, त्रास तेवढा पदरात. दाढेत पू झाला असेल तर खरा उपचार तो काढण्याचा. औषध लागलंच तर बहुधा साधं ॲमॉक्सिसिलिन चालतं. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला, मूत्रपिंडं नीट असतील तर, नायट्रोफ्युरँटॉइन. त्वचेच्या संसर्गाला सेफॅलेक्सिन. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला साधं ॲमॉक्सिसिलिन हा पर्याय नाही, तेही पेनिसिलिनच. कुत्रा चावल्यावर मात्र ही जोडीच पहिली पसंती आहे, कारण तोंडातले अनेक प्रकारचे जंतू ती एकत्र आवरते. ती चालत नसेल तर डॉक्टर प्रौढांना डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र देतात. रेबीजची लस दोन्ही परिस्थितींत घ्यायचीच.

ज्याला इजा झाली आहे त्याने आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडने कावीळ’ असं महिना-वर्षासह लिहून घ्यावं. कंपनीचं नाव लिहून भागत नाही. हीच जोडी दुसऱ्या दुकानात वेगळ्याच नावाच्या पाकिटातून मिळते.