दोन तळणींमधली चार मिनिटं

जपानच्या ओइता प्रांतातलं नाकात्सु हे शहर ‘कारागे’साठी ओळखलं जातं. कारागे म्हणजे मांडीच्या बिनहाडाच्या मांसाचे तुकडे सोया सॉस आणि आलं-लसणात मुरवायचे, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवायचे आणि तळायचे. अनेक जपानी स्वयंपाकी ते दोनदा तळतात, आणि कवचाचा कुरकुरीतपणा त्यातूनच येतो.

एकदाच तळलं तर पंचाईत होते. तेल कडक असेल तर वरून रंग लगेच धरतो, पण आत मांस कच्चं. आच मंद ठेवली तर मांस शिजतं, पण त्यातलं पाणी बाहेर येत राहतं आणि कवच नरम पडतं. म्हणून कामं वाटून द्यायची: पहिल्या तळणीत मांस शिजवायचं, दुसरीत कवच वाळवायचं.

अर्धा किलो मांसाचे चारेक सेंटिमीटरचे तुकडे करा. अर्धा तास मुरवून झाल्यावर जादा ओल निथळू द्या आणि मगच स्टार्च लावा. बटाट्याचा मिळाला नाही तर कॉर्नफ्लोअर चालतं. तेल 160 अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर कोरडी लाकडी काडी तेलात बुडवून पाहा. तिच्याभोवती बारीक बुडबुडे संथपणे उठायला हवेत. एका वेळी पाच-सहाच तुकडे सोडा. कढई भरली की तेल झपकन थंड होतं आणि कवच तेल पितं. तीन मिनिटांनी, रंग अजून फिका असतानाच, तुकडे बाहेर काढा.

आता चार मिनिटं थांबायचं. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. या वेळात तुकड्याच्या उष्णतेने मांस आतपर्यंत शिजत राहतं आणि आतली ओल कवचाकडे सरकते. तुकडे जाळीवरच ठेवा, एकमेकांना न चिकटवता. कागदावर ढीग घातला तर खालच्या तुकड्यांची वाफ कोंडते.

मग आच वाढवून तेल 190 अंशांवर न्या. काडीभोवती आता बुडबुडे जोरात उसळतील. तुकडे एक मिनिटभरच तळा. कवचात येऊन थांबलेली ओल या तापमानाला पटकन उडते. कानानेही कळतं: आधी तेल जोरात खळखळतं, ओल सरली की आवाज बारीक आणि कोरडा होतो. झाऱ्यात हलवल्यावर तुकडे खडखडले की काढून घ्या. मिनिटाचं दीड मिनिट झालं तरी बिघडत नाही, पण त्यापुढे मांस सुकतं.

हे हिशेब बिनहाडाच्या तुकड्यांचे. अख्खी तंगडी असेल तर पहिल्या तळणीला दहा-बारा मिनिटं द्यावी लागतात, दुसरीला दोन. आणि तुकडा कुठलाही असो, वाढण्याआधी सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध तापमान 74 अंश भरलंच पाहिजे.