घरात बाटली एक, डोकी तीन : सल्फेटमुक्त शाम्पू कोणासाठी?

एक नेहमीचे व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. सुनेने केसांना रंग लावून घेतला, तेव्हा पार्लरमधून तिला सल्फेटमुक्त शाम्पू वापरण्याचा सल्ला मिळाला. जे सौम्य ते सर्वांनाच हितकर, या समजुतीने घरात तीच महागडी बाटली सर्वांसाठी येऊ लागली. दोन महिन्यांनी सुनेचे केस मऊ होते. परंतु दिवसभर दुकानात बसणाऱ्या धाकट्या दिराचे केस धुऊनही मेणचट लागत, आणि दर शनिवारी रात्री डोक्यावर भरपूर तेल घालणाऱ्या सासूबाईंचे केस रविवारी न्हाल्यानंतरही चिकटच राहत. बाटलीत दोष नव्हता. दोष निवडीत होता.

सल्फेट म्हणजे शाम्पूतील मळ काढणारा घटक. त्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. साध्या शाम्पूत बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेट असते. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्याहून तीव्र असून त्वचा अधिक कोरडी करते. सल्फेटमुक्त शाम्पूत त्यांच्या जागी कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड यांसारखे सौम्य घटक असतात. ते तेल काढतात, पण हलक्या हाताने. कोरड्या केसांना हा हलका हात मानवतो. तेलकट टाळूला तोच अपुरा पडतो.

म्हणून पहिली परीक्षा टाळूची करावी. केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ टिश्यू कागद टाळूवर दाबून पाहावा. कागदावर तेलाचे पारदर्शक डाग स्पष्ट उमटले, तर टाळू तेलकट आहे. दोन-तीन दिवसांनंतरही कागद जवळपास कोरडाच राहिला, तर सौम्य शाम्पू पुरेसा होय. केसांची टोके कोरडी दिसतात म्हणून टाळूही कोरडी असेल, असे मानू नये. तेल टाळूत तयार होते. लांब किंवा कुरळ्या केसांच्या टोकांपर्यंत ते क्वचितच पोहोचते.

दुसरा प्रश्न, केस किती वेळा धुतले जातात? दिराची टाळू तेलकट, तरी तो आठवड्यातून दोनदाच केस धुवी आणि रोज जेल लावी. तीन-चार दिवसांचे तेल, घाम व जेल एकत्र साठल्यावर सौम्य शाम्पूचे बळ अपुरे ठरे. त्याला दोन मार्ग होते : साधा शाम्पू एक दिवसाआड वापरणे, किंवा सौम्य शाम्पूने रोज केस धुणे. दुकानाच्या धावपळीत त्याने पहिला मार्ग पत्करला आणि आठवडाभरात मेणचटपणा गेला.

तिसरा प्रश्न साठलेल्या थराचा. केस चमकवणाऱ्या सीरममध्ये बहुधा डायमेथिकोन हे सिलिकोन असते. ते पाण्यात विरघळत नाही. सौम्य शाम्पूने पुरते न निघाल्यास थरावर थर बसत जातो आणि केस निस्तेज व जड वाटू लागतात. सुनेने सीरम नेहमी वापरले, तर तिनेही तीन-चार आठवड्यांतून एकदा साधा शाम्पू वापरावा. त्याने रंग किंचित उतरेल. पण नुसत्या पाण्यानेही तो थोडा उतरतच असतो. सासूबाईंनी तेल कमी घ्यावे, ते रात्रभर न ठेवता न्हाण्याआधी तास-दोन तास लावावे, आणि सौम्य शाम्पूने लागोपाठ दोनदा केस धुवावे. पहिल्या खेपेस फेस येत नाही, म्हणून शाम्पू ओतत राहू नये. तेल निघाले की दुसऱ्या खेपेस फेस आपोआप येतो.

शाम्पू कोणताही असो, तो टाळूवर चोळावा. खाली ओघळणारा फेस केसांच्या लांबीला पुरतो. साध्या शाम्पूने केस रुक्ष होण्याचे एक कारण टोके चोळणे हेही असते.

बाटली घेताना पुढची ठळक अक्षरे न वाचता मागील घटकांची यादी वाचावी. सोडियम ओलेफिन सल्फोनेट हा घटक सल्फेट नव्हे. त्यामुळे तो असलेल्या बाटलीवर ‘सल्फेटमुक्त’ लिहिता येते. मात्र तेल काढण्यात तो चांगलाच तीव्र आहे. कोरड्या केसांसाठी सौम्य शाम्पू शोधणाऱ्याची येथे फसगत होते.

एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. साठलेला थर नखाने खरवडल्यास मेणासारखा निघतो आणि साध्या शाम्पूने दोन-तीनदा धुतल्यावर नाहीसा होतो. तसे न होता खाज, लाली आणि पिवळसर खपल्या टिकून राहिल्या, तर तो टाळूचा विकार असू शकतो. तेथे शाम्पू बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्या घरातील न्हाणीघरात आता दोन बाटल्या असतात. महागडी पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरते, कारण जिला तिची गरज नव्हती अशी टाळू आता तिला हात लावत नाही.