फीच्या ओळीत न दिसणारा खर्च

परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजवर नव्याने सौदे करणारा माणूस बहुधा एकच दर पाहून निर्धास्त होतो: फी ०.१ टक्का. Binance या एक्स्चेंजवर सर्वसाधारण पातळीवरच्या ग्राहकाला स्पॉट सौद्यासाठी, म्हणजे नाणे प्रत्यक्ष खात्यात घेण्या-देण्यासाठी, हाच दर लागतो. दोन हजारांच्या खरेदीवर दोन, हा हिशेब कोणालाही तोंडी करता येतो. पण सौदा महाग पडला की स्वस्त, हे बऱ्याचदा या दरावर ठरतच नाही. ऑर्डर कोणत्या प्रकारची टाकली यावर ते ठरते, आणि तो खर्च ‘Fee’ नावाच्या रकान्यात कुठेही छापलेला नसतो. तो कसा ओळखायचा, हे एका सौद्यावरून पाहू.

Binance च्या पडद्यावर एका बाजूला ऑर्डर बुक असते. त्यात वर लाल आकड्यांत विकणाऱ्यांचे भाव आणि खाली हिरव्या आकड्यांत घेणाऱ्यांचे भाव दिसतात. दोन्हींच्या मधोमध जो ठळक भाव झळकतो, तो नुकत्याच झालेल्या शेवटच्या सौद्याचा असतो. हा भाव तुम्हाला मिळेलच, असे कोणीही म्हटलेले नाही. तुम्हाला काय भावाने मिळणार, हे लाल रांगेत किती माल कोणत्या भावाला उभा आहे यावर ठरते. प्रत्येक भावासमोर ‘Amount’ खाली तेवढ्या मालाचा आकडा असतो, आणि घाईत नेमका तोच रकाना वाचायचा राहून जातो.

समजा, एका लहानशा नाण्याची USDT मध्ये खरेदी करायची आहे. USDT म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेले नाणे. परदेशी एक्स्चेंजवरचे बहुतेक भाव त्यातच लिहिलेले असतात. लाल रांगेत सर्वांत स्वस्त माल ०.५००० भावाला आहे, पण तो फक्त ८०० नाणी. त्यामागे ०.५०१० ला १,२००, मग ०.५०५० ला १,००० आणि ०.५१२० ला ३,००० नाणी आहेत. आपल्याला ४,००० नाणी हवी आहेत.

‘Market’ टॅब उघडला तर भावाचा रकाना भरताच येत नाही. तिथे भावाऐवजी ‘Market Price’ एवढेच लिहिलेले असते. आपण फक्त किती हवे ते सांगायचे. ४,००० लिहून खरेदीचे बटण दाबले की यंत्रणा सर्वांत स्वस्त मालापासून सुरुवात करते आणि आकडा पुरा होईपर्यंत रांगेत वर चढत जाते. पहिली ८०० नाणी ४०० USDT ला पडली, पुढची १,२०० नाणी ६०१.२० ला, त्यापुढची १,००० नाणी ५०५ ला आणि शेवटची १,००० नाणी ५१२ ला. एकूण २,०१८.२० USDT गेले. सरासरी भाव पडला ०.५०४५५. पडद्यावर ०.५००० पाहून आपण दोन हजारांचा अंदाज बांधला होता. वरचे १८.२० USDT कोणी फी म्हणून घेतले नाहीत. रांगेतला स्वस्त माल संपल्यामुळे ते गेले. बाजारात याला स्लिपेज म्हणतात. याच सौद्याची फी साधारण दोन USDT होते, म्हणजे स्लिपेज फीच्या नऊ पट आहे.

बिटकॉइनसारख्या मोठ्या नाण्यात रांगा जाड असतात, त्यामुळे लहान रकमेच्या मार्केट ऑर्डरला हा फरक जवळपास जाणवत नाही. लहान नाण्यांत, आणि भाव वेगाने हलत असताना, रांगा पातळ होतात आणि फरक वाढतो. म्हणून बटण दाबण्याआधी आपल्याला हवा असलेला आकडा सर्वांत जवळच्या दोन-तीन भावांसमोरच्या मालाशी ताडून पाहावा. तेवढ्यात तो भागत नसेल, तर मार्केट ऑर्डर त्या वेळी महागच पडणार.

आता तोच सौदा ‘Limit’ टॅबमधून करू. इथे ‘Price’ हा रकाना आपल्या हातात असतो. बहुधा त्यात बाजारभाव आधीच भरलेला दिसतो, तो तसाच ठेवू नये, स्वतः ठरवून लिहावा. खाली ‘Amount’ म्हणजे नाणी किती आणि ‘Total’ म्हणजे USDT किती, असे दोन रकाने असतात. त्यांची अदलाबदल होऊन २,००० USDT ऐवजी २,००० नाण्यांची ऑर्डर जाणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून रकान्याच्या टोकाला कोणत्या नाण्याचे नाव आहे ते वाचावे. भाव ०.५०१० आणि नाणी ४,००० असे लिहिले, तर आपण सांगितले असे झाले की, याहून महाग एकही नाणे घ्यायचे नाही. ०.५००० ची ८०० आणि ०.५०१० ची १,२०० अशी २,००० नाणी लगेच मिळतात, तीही ज्या त्या भावाने. उरलेल्या २,००० नाण्यांची मागणी हिरव्या रांगेत ०.५०१० ला जाऊन उभी राहते आणि ‘Open Orders’ मध्ये दिसते. कोणी त्या भावाला विकले, तर एकूण खर्च २,००३.२० होतो, मार्केट ऑर्डरपेक्षा बरोबर १५ USDT कमी. कोणीच विकले नाही आणि भाव वर निघून गेला, तर ती २,००० नाणी मिळत नाहीत. लिमिट ऑर्डर भावाची हमी देते, सौदा होण्याची देत नाही. मार्केट ऑर्डर सौदा होण्याची जवळपास हमी देते, भावाची देत नाही. दोन्हींतली निवड याच एका प्रश्नावर होते: आत्ता मिळणे महत्त्वाचे, की या भावाला मिळणे महत्त्वाचे?

फीच्या तक्त्यात ‘Maker’ आणि ‘Taker’ असे दोन दर असतात. रांगेत आधीच उभा असलेला माल उचलणारा तो टेकर, आणि ज्याची ऑर्डर रांगेत थांबून नंतर कोणीतरी उचलली तो मेकर. लिमिट ऑर्डर टाकली म्हणजे मेकरचा दर लागला, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. वरच्या उदाहरणात एकाच लिमिट ऑर्डरचा पहिला अर्धा भाग लगेच जुळला, म्हणून तो टेकर ठरला. थांबलेला अर्धा मेकर ठरला. Binance च्या सर्वसाधारण पातळीवर दोन्ही दर ०.१ टक्काच असल्याने हा फरक खिशाला कळत नाही. ज्या एक्स्चेंजवर मेकरला ०.२५ आणि टेकरला ०.४० टक्के असे दर असतील, तिथे पहिल्या भागावर सुमारे ४ USDT आणि दुसऱ्यावर अडीच USDT फी लागेल. मेकरचाच दर हवा असेल, तर ‘Post Only’ ही खूण करावी. मग ऑर्डर लगेच जुळणार असेल तर ती टेकर म्हणून पुरी न होता रद्द होते.

सौदा झाला की खाली दोन वेगळे तक्ते पाहायचे. ‘Order History’ मध्ये आपली ऑर्डर एकाच ओळीत असते आणि ‘Average’ खाली सरासरी भाव दिसतो. ‘Trade History’ मध्ये त्याच ऑर्डरचे जितके तुकडे जुळले तितक्या ओळी येतात. आपल्या मार्केट ऑर्डरच्या चार. ऑर्डर चारदा गेली की काय, असे वाटून घाबरू नये. प्रत्येक ओळीत भाव, ‘Executed’ म्हणजे मिळालेली नाणी, ‘Fee’ आणि ‘Total’ असते. चारही ओळींतली फी मिळून आपल्या सौद्याची फी होते.

या ‘Fee’ मधल्या आकड्याइतकेच त्याच्या शेजारचे नाव महत्त्वाचे आहे. Binance वर फी आपल्याला मिळणाऱ्या वस्तूतून कापली जाते. खरेदीत ती नाण्यांत जाते आणि विक्रीत USDT मध्ये. आपल्या ४,००० नाण्यांवर ०.१ टक्का म्हणजे ४ नाणी कापली गेली, हाती आली ३,९९६. ‘Executed’ चा आकडा मात्र ४,०००च दाखवतो. नंतर पूर्ण ४,००० विकायला गेले की शिल्लक पुरेशी नसल्याचा संदेश येतो आणि चार नाणी कुठे गेली असा प्रश्न पडतो. ती याच ओळीत सापडतात. खात्यात फी BNB या नाण्यातून भरण्याची सोय चालू असेल, तर स्पॉटवर २५ टक्के सूट मिळून दर ०.०७५ टक्के होतो, फीच्या ओळीत BNB लिहिलेले दिसते आणि नाणी पुरी ४,००० येतात. BNB ची शिल्लक संपली की फी पुन्हा नाण्यांतून कापली जाऊ लागते, त्यामुळे एकाच महिन्याच्या इतिहासात फीच्या ओळी दोन वेगवेगळ्या नाण्यांत दिसू शकतात. त्यांची थेट बेरीज करू नये. आधी सगळ्यांची किंमत एकाच चलनात आणावी.

भारतातल्या ग्राहकाला आणखी एक ओळ दिसू शकते: काही परदेशी एक्स्चेंज फीवर १८ टक्के जीएसटी लावतात. हा कर सौद्याच्या रकमेवर नसून फीवर आहे. दोन USDT फी असेल तर तो ०.३६ होतो. शेअरबाजाराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर दलाली आणि कर वेगवेगळ्या ओळींत पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे जड जाणार नाही. आयकराचे मात्र लक्षात ठेवावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यात खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा खर्च वजा होत नाही आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणून ‘Trade History’ ची फाइल वर्षभर वेळोवेळी उतरवून ठेवावी. नफ्याचा हिशेब आठवणीतल्या भावावरून करू नये, या ओळींवरून करावा.

काही पडद्यांवर ‘Convert’ नावाचे बटण असते आणि तिथे फी शून्य लिहिलेली असते. तिथला खर्च दिलेल्या भावातच मिळवलेला असतो. तो भाव आणि त्याच क्षणीचा ऑर्डर बुकमधला सर्वांत स्वस्त भाव शेजारी ठेवला की फरक समोर येतो.

सगळ्या ओळी वाचून झाल्यावर शेवटी एकच भागाकार करावा: खिशातून गेलेले USDT भागिले हाती आलेली नाणी. आपल्या मार्केट ऑर्डरमध्ये २,०१८.२० भागिले ३,९९६, म्हणजे ०.५०५०६. पडद्यावरच्या ०.५००० पेक्षा हा भाव एक टक्क्याहून थोडा जास्त आहे, आणि जाहीर दराच्या दहा पट खर्च तो हाच. विकताना पुन्हा ०.१ टक्का जाणार, म्हणून नुकसान टाळायचे तर भाव किमान ०.५०५६ पर्यंत चढायला हवा. पहिल्या सौद्यात हा भागाकार कागदावर करावा, आणि पुढच्या सौद्याला बटण दाबण्याआधीच करावा. आकडा मनासारखा येत नसेल, तर ‘Limit’ टॅबमध्ये आपला भाव लिहून थांबता येते.