नोंदणीच्या दिवशी दस्तावर उमटणारे चार शिक्के

घराचा नोंदवलेला दस्त हातात आला की बहुतेकजण सूची क्रमांक दोन पाहतात आणि दस्त कपाटात ठेवून देतात. शेवटची दोन-तीन पानं क्वचितच कुणी वाचतं. त्या पानांना ‘दस्त गोषवारा’ म्हणतात. त्यावर सादरीकरण, फी, कबुली आणि ओळख अशा चार शिक्क्यांच्या वेळा सेकंदासकट छापलेल्या असतात. कार्यालयात त्या दिवशी जे काही घडतं ते या चार टप्प्यांतच घडतं, आणि प्रत्येक टप्प्यावर तुमच्याकडून काहीतरी विचारलं किंवा घेतलं जातं. काय आणि कशासाठी, हे आधी माहीत असलं की गर्दीत गडबडून सही करण्याची वेळ येत नाही.

पुण्यातला एक व्यवहार समजा. निवृत्त नवरा-बायको आपली जुनी सदनिका 48 लाखांना विकत आहेत आणि एक तरुण जोडपं ती घेत आहे. सरकारी मूल्यांकन याहून कमी आहे, म्हणून मुद्रांक शुल्क मोबदल्यावर लागेल. महापालिका हद्दीत अधिभार धरून सात टक्के म्हणजे 3 लाख 36 हजार रुपये होतात. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला 30 हजारांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे 48 हजारांऐवजी 30 हजार. हे दोन्ही आधीच ई-चलनाने भरलेलं असतं. त्याखेरीज दस्ताच्या पानांवर दस्त हाताळणी फी लागते. वकिलाकडून किंवा स्वतः संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून घेतली की एक क्रमांक मिळतो. कार्यालयात पोचल्यावर तो क्रमांक, सह्या झालेला मूळ दस्त, चलनं आणि ओळखपत्रं खिडकीवर द्यायची.

पहिला शिक्का सादरीकरणाचा. दस्त कुणी आणला, किती वाजता आणला, याची नोंद होते. कायद्याप्रमाणे दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांत सादर व्हायला हवा. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते, पण दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. मग कर्मचारी संगणकावर चलनाचा क्रमांक टाकून ते ‘डिफेस’ करतो, म्हणजे तेच चलन दुसऱ्या कुठल्या दस्ताला वापरता येणार नाही असं करून टाकतो. इथे फीचा दुसरा शिक्का पडतो आणि पावती निघते.

यानंतरची पाच मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. कर्मचारी भरलेल्या माहितीची छापील प्रत पक्षकारांसमोर ठेवतो आणि ‘बघून घ्या, बरोबर आहे ना?’ असं विचारतो. मागे रांग असते, वकील घाईत असतो, आणि लोक मान डोलावतात. आपल्या उदाहरणात मूळ दस्तात सदनिका क्रमांक 203 आहे, पण माहिती भरताना 302 पडलं. आत्ता सांगितलं तर जागेवर दुरुस्त होतं. सही झाल्यावर हाच आकडा सूची क्रमांक दोनमध्ये जातो, आणि उद्या कर्ज देणारी बँक तीच सूची वाचते. चूक फक्त संगणकावरच्या माहितीत असेल तर कार्यालयात अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. मूळ दस्तातच चूक असेल तर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करून सगळ्या पक्षकारांना पुन्हा यावं लागतं, आणि तोवर विकणारे कदाचित मुलाकडे परदेशी गेलेले असतात. म्हणून नावं, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पॅन, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि मोबदला एवढं तरी दस्त शेजारी धरून बोट ठेवून वाचा. मागच्या लोकांना थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

तिसरा शिक्का कबुलीचा. दुय्यम निबंधक लिहून देणाऱ्यांना विचारतात की हा दस्त तुम्हीच करून दिला का, सही तुमचीच आहे का. ‘हो’ म्हटल्यावर कॅमेऱ्यात छायाचित्र घेतलं जातं, आणि यंत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा. विकणारे आणि घेणारे दोघांचंही हे घेतलं जातं, आणि दोन्ही गोष्टी गोषवाऱ्यावर नावासमोर छापल्या जातात. विकणाऱ्याने सही नाकारली, तर त्याच्यापुरती नोंदणी नाकारली जाते. इथे एक गैरसमज सोडून द्यायला हवा. अधिकारी सही कुणी केली हे तपासतात. ती जागा खरोखर विकणाऱ्याच्या मालकीची आहे का, हा निवाडा ते करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. मालकी हक्काची तपासणी तुम्ही आधीच करून यायची असते.

वयस्कर माणसांचे अंगठे यंत्राला अनेकदा ओळखू येत नाहीत. धुणीभांडी, शेतीकाम किंवा नुसतं वय यामुळे बोटांवरच्या रेषा झिजतात आणि पडद्यावर ठशाऐवजी राखाडी डाग दिसतो. अशा वेळी हात धुऊन, कोरडे करून, बोट दाबून नव्हे तर सपाट ठेवून पुन्हा प्रयत्न केला की बहुधा जमतं.

चौथा शिक्का ओळखीचा, आणि इथे साक्षीदार येतात. पण हे साक्षीदार दस्तावर सही होताना पाहणाऱ्या साक्षीदारांपेक्षा वेगळे. बक्षीसपत्राला सही पाहणारे दोन साक्षीदार लागतात, विक्रीच्या दस्ताला कायद्याने ते बंधनकारक नाहीत. कार्यालयात उभे राहणारे दोघे ‘या व्यक्तींना आम्ही व्यक्तिशः ओळखतो’ एवढंच सांगतात, आणि त्यांचंही छायाचित्र व ठसा घेतला जातो. त्यांनी स्वतःचं ओळखपत्र आणायचं असतं. आधारची संमती देऊन पडताळणी केली तर या साक्षीदारांची गरज राहत नाही. पण अंगठा जुळला नाही, किंवा आधारवरचे बायोमेट्रिक्स कुलूपबंद असले तर ती पडताळणी होत नाही. त्यामुळे आधारवर भिस्त असली तरी दोन ओळखीची माणसं बरोबर असू द्या. कार्यालयाबाहेर पैसे घेऊन साक्षीला उभे राहणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. नोंदणी कायद्याच्या कलम 82 नुसार नोंदणीच्या कामात जाणूनबुजून खोटं निवेदन करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय पुढे वाद झालाच, तर तुम्हाला न ओळखणारा माणूस न्यायालयात तुमच्या बाजूने काय सांगणार?

दस्ताच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, वर्ष आणि पानाचा आकडा येतो. एखादं पान सुटलं नाही ना, हे यावरून कळतं. मग दस्त स्कॅन होतो.

हातात राहते ती पावती. तिच्यावर नोंदणी फी, हाताळणी फी, पानांची संख्या, बाजारमूल्य, मोबदला आणि भरलेलं मुद्रांक शुल्क असतं. पानांची संख्या प्रत्यक्ष दस्ताशी ताडून पाहा. त्याखाली मूळ दस्त, थंबनेल प्रिंट आणि सूची क्रमांक दोन केव्हा मिळेल याची अंदाजे वेळ छापलेली असते. पावतीवर सादर करणाऱ्याचं नाव असतं आणि मूळ दस्त त्यालाच परत मिळतो. म्हणून दस्त घेणाऱ्यानेच सादर केलेला बरा. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल, तर सादर करणाऱ्याने त्याच्या नावे लेखी अधिकार द्यावा आणि त्याच्याबरोबर मूळ पावती पाठवावी.