खोली वाढवताय? विटा तीन भिंतींच्या, रंग चारींचा!

घराला लागून 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली काढायची आहे. नव्या भिंती किती? तीनच, कारण 12 फुटांची एक भिंत घराची आधीचीच आहे! मात्र समोरची भिंत 12 फूट धरू नका. दोन्ही कोपऱ्यांतली 9-9 इंच जाडी मिळवली की ती साडेतेरा फूट भरते. बाजूच्या दोन धरून एकूण साडेतेहतीस फूट, म्हणजे 335 चौरस फूट बांधकाम. त्यातून 4 बाय 4 ची खिडकी वजा केली की राहिले 319.

आता वीट. 9×4×3 इंची विटेला अर्ध्या इंचाचा सांधा धरला, तर 9 इंची भिंतीत चौरस फुटाला साधारण 8.7 विटा बसतात. झाल्या 2,775. उतरवताना फुटणाऱ्या आणि कोपऱ्याला तोडाव्या लागणाऱ्या विटांसाठी 5 टक्के वाढवा आणि 2,900 च्या आसपास मागवा. ट्रक आला की दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजल्या तर भाजणी चांगली. बद्द वाजणारा माल आला, तर 5 टक्के कुठेच पुरणार नाहीत.

सांध्यांत 66 घनफूट मसाला जातो. पण कोरडी वाळू-सिमेंट कालवल्यावर आकारमान घटतं, म्हणून कोरडा माल सुमारे तिसऱ्या हिश्शाने जास्त, 87 घनफूट लागतो. एकास सहा प्रमाणात त्यात सिमेंटची 10 पोती आणि वाळू 75 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. सांडलवंडीसाठी एक पोतं जादा घ्या. पाया, स्लॅब आणि गिलावा यांचा हिशेब वेगळा.

खरी गंमत वाळूची! किंचित ओली वाळू फुगते. कणांभोवतीचं पाण्याचं पातळ आवरण त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं, आणि बारीक वाळू तर 25 टक्क्यांहूनही जास्त फुगू शकते. म्हणजे ब्रासच्या मापात चक्क हवा विकत घेतली जाते. परीक्षा सोपी आहे. सरळ काचेच्या बरणीत 20 सेंटीमीटर ओली वाळू सैल भरा, पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. पूर्ण भिजलेली वाळू कोरडीइतकीच जागा घेते. थर 16 वर आला, तर फुगवटा 25 टक्के. मग 75 घनफुटांसाठी 94 घनफूट मागवा, आणि मसाला कालवतानाही वाळूची घमेली त्याच हिशेबाने वाढवा, नाहीतर सिमेंटचं प्रमाण वाढून पोती आधीच संपतील.

रंगाला मात्र चारही भिंती मोजायच्या, कारण जुनी भिंत आता खोलीच्या आत आली. 440 चौरस फुटांतून खिडकी आणि जुन्या भिंतीतलं 3 बाय 7 चं दार वजा करून 403, वर छत 120. लिटरमागे दोन हातांचे 65 चौरस फूट धरले, तर 523 ला 8 लिटर. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. जुन्या खडबडीत भिंतीसाठी 10 टक्के वाढवा, आणि दोन्ही हातांचा रंग एकाच बॅचचा घ्या.